वीज गेली तर फाइलचं काय होतं?

लिनक्सवर फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर एक्सएफएस आपल्या जर्नलचा आधार घेते. कुठली जागा कोणत्या फाइलला दिली, असे बदल ती आधी जर्नलमध्ये नोंदवते आणि पुन्हा सुरू होताना अर्धवट राहिलेले बदल त्यावरून पूर्ण करते. पण जर्नलमध्ये फाइलचा मजकूर नसतो. त्यामुळे रचना शाबूत राहते, शेवटची काही वाक्यं मात्र जाऊ शकतात.

बीटीआरएफएसचा मार्ग वेगळा. ती जुन्या जागेवर लिहीतच नाही. नवा मजकूर नव्या जागी ठेवते आणि मग नोंद बदलते. जुनी प्रत तशीच राहत असल्याने स्नॅपशॉट क्षणात तयार होतो. मोठ्या अपडेटपूर्वी तो जरूर घ्यावा:

```
btrfs subvolume snapshot -r / /before-update
```

मात्र तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला, म्हणून बॅकअप वेगळा हवाच.

हीच पद्धत डेटाबेसला जाचते. एकाच मोठ्या फाइलमध्ये सतत छोटे बदल झाले, की तिचे तुकडे डिस्कभर विखुरतात आणि वेग घटतो. `filefrag` ही आज्ञा तुकड्यांची संख्या दाखवते. रिकाम्या फोल्डरवर आधीच `chattr +C` दिलं तर त्यातल्या नव्या फाइलींपुरतं हे टळतं. पण मग बिघाड ओळखणारे चेकसमही बंद होतात.

म्हणून डेटाबेस आणि मोठ्या फाइलींच्या सर्व्हरला मी एक्सएफएस सुचवेन, घरच्या लॅपटॉपला बीटीआरएफएस. फक्त एक्सएफएसचं विभाजन सुरुवातीलाच जपून आखा: ते वाढवता येतं, पण लहान करण्याची सोय जवळजवळ नाही.