तिन्हीसांजेची आरोळी

गुरें घरीं परततात, दिवेलागण होते, आणि गांवाच्या शिवेबाहेर ओढ्याच्या बाजूनें एकाएकीं कोल्हेकुई सुरू होते. प्रथम एकच आवाज लांब हेल काढीत वर चढतो. तोंच दुसरा आणि तिसरा त्यांत मिसळतात, आणि पाहतां पाहतां त्या सुरांचे तुकडे होऊन एकच कल्लोळ माजतो. थोड्या वेळानें तो थांबतो न थांबतो तोंच पलीकडच्या उसाच्या फडांतून तसाच दुसरा कल्लोळ उठतो. घरांतील वडील मंडळी हें रडणें अशुभ मानतात. पण त्यांत रडण्याचा लवलेशहि नसतो. कोल्ह्यांची जोडी आणि तिचीं पोरें आपल्या हद्दींतून शेजारच्या कुटुंबास आपल्या असण्याची वर्दी देत असतात, आणि शेजारीहि तिची तशीच पोंच देतात.

ही वर्दी नेमकी सांजवेळींच कां दिली जाते, याचें एक कारण जनावरांच्या दिनक्रमांत आहे. दिवसभर झुडपांत पांगून पडलेलीं जनावरें अंधार पडूं लागला म्हणजे उठतात, एकमेकांस हुडकतात आणि शिकारीस निघतात. दुसरें कारण हवेंत आहे. भर दुपारीं तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून उष्ण असते. अशा वेळीं आवाज वरच्या बाजूस वळतो आणि आकाशांत विरून जातो. सूर्यास्तानंतर जमीन लवकर निवते, तिच्यालगतचा थर गार होतो आणि वरचा थर त्या मानानें उष्ण राहतो. मग वर जाणारा आवाज पुन्हां खालीं वळून दूरवर जमिनीवर उतरतो. वाराहि बहुधा याच सुमारास पडतो. तेवढ्याच श्रमांत आरोळी कितीतरी अधिक मुलूख आक्रमिते. लांडग्याचा सूर मुळांतच खालच्या पट्टींतला, सेकंदास सुमारें 150 ते 780 कंपनांचा असतो, आणि असा सूर झाडाझुडपांत उंच सुरापेक्षां कमी जिरतो. दाट अरण्यांत तो सुमारें सहा मैल, तर उघड्या माळावर दहा मैलांपर्यंतहि ऐकूं जातो.

या आरोळीचा अर्थ लावण्याचें सर्वांत चिकाटीचें काम अमेरिकेंतील मिनेसोटा राज्याच्या सुपीरियर राष्ट्रीय अरण्यांत झालें. तेथें 1970 च्या दशकांत फ्रेड हॅरिंग्टन आणि डेव्हिड मेक या दोघां संशोधकांनीं लांडग्यांच्या गळ्यांत रेडिओचे पट्टे बांधून टोळ्यांचा ठावठिकाणा ठेवला. टोळी कोठें आहे हें कळलें म्हणजे संशोधक कांहीं अंतरावर उभा राहून स्वतःच्याच गळ्यानें लांडग्यासारखी आरोळी ठोकी. हा प्रकार ऐकून हंसूं येईल, पण लांडगे त्या नकलेस खरोखर उत्तर देत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पुष्कळ वेळां ते उत्तर देत नसत. आणि उत्तर दिलें कीं न दिलें, त्यानंतर ते काय करतात, हें रेडिओच्या पट्ट्यामुळें कळे. हे निष्कर्ष 1979 मध्यें प्रसिद्ध झाले.

त्यांवरून असा प्रसंग डोळ्यांपुढें आणतां येतो. सहा लांडग्यांच्या टोळीनें नुकतेंच हरीण मारलें आहे, पोटें अजून भरावयाचीं आहेत, आणि मैलभरावरून परकी आरोळी आली. अशा वेळीं ही टोळी बहुधा उत्तर देते आणि जागची हलत नाहीं. उत्तराचा आशय हाच कीं, हें ठाणें आमचें आहे, पुढें येऊं नका. आतां दोन दिवस लोटले, हरणाचीं केवळ हाडें उरलीं, आणि तीच परकी आरोळी पुन्हां आली. या खेपेस टोळी बहुधा गप्प राहते आणि हळूच दुसरीकडे निघून जाते. ज्याच्यासाठीं झुंजावें असें तेथें कांहीं उरलेलें नसतें. उन्हाळ्यांत लहान पिलें एखाद्या ठिकाणीं ठेवलेलीं असतील, तर त्या ठिकाणाहूनहि उत्तर मिळण्याचा संभव वाढतो, कारण पिलांना घेऊन एकाएकीं पळ काढतां येत नाहीं. मोठ्या टोळ्या लहानांपेक्षां अधिक वेळां उत्तर देतात. टोळीवांचून एकटा फिरणारा लांडगा मात्र जवळजवळ मुकाच असतो.

या मुकेपणाचें कारण उघड आहे. दोन टोळ्या समोरासमोर आल्या तर लांडगे लांडग्यांस ठार मारतात. उत्तर देणें म्हणजे आपला पत्ता सांगणें; ज्यास मागें साथ नाहीं त्यानें तो सांगून काय मिळवावें? उलट ज्याचें बळ आहे त्यानें तो सांगितल्यास दोन्ही पक्षांची रक्ताची झुंज टळते. हद्दीवर मूत्राच्या खुणा करण्याची लांडग्यांची रीत प्रसिद्ध आहे. पण ती खूण कळण्यास शेजाऱ्यास तेथपर्यंत यावें लागतें, आणि खूण करणारा आज कोठें आहे हें तीवरून समजत नाहीं. आरोळी तें त्याच क्षणीं आणि दुरून सांगते. याच प्रदेशांत दोन टोळ्यांच्या हद्दींमध्यें एक पट्टा असा राहतो कीं, भिऊन दोन्ही टोळ्या तेथें फारशा थांबत नाहींत. आणि हरणें त्या पट्ट्यांत अधिक टिकून राहतात, असें मेक यांनीं 1977 मध्यें दाखवून दिलें.

आरोळींत लबाडीहि नाहीं असें नाहीं. टोळी एकत्र ओरडते तेव्हां प्रत्येक लांडगा आपला सूर सारखा वरखालीं नाचवितो आणि इतरांच्या सुरांशीं जुळूं देत नाहीं. त्यांत झाडांवरून आणि टेकड्यांवरून उलटणाऱ्या प्रतिध्वनींची भर पडते. परिणामीं चार लांडग्यांचा कल्लोळ दहांचा भासावा. हॅरिंग्टन यांनीं 1989 मध्यें असें मत मांडलें कीं, ऐकणाऱ्यास टोळीची संख्या मोजतां येऊं नये यांतच लहान टोळीचें हित आहे. कोल्हेकुई ऐकून दोन कोल्ह्यांस आठ समजणारा शेतकरी त्याच फसवणुकीचा बळी असतो. परंतु सुराचा एक गुण फसवा नाहीं. परक्यावर चालून येणाऱ्या नराची आरोळी नेहमींपेक्षां खालच्या पट्टींत उतरलेली आढळली. जाडा आवाज ऐकला म्हणजे तो लांडगा माघार घेणार नाहीं, असें समजावें.

प्रत्येक आरोळी शेजाऱ्यासाठींच असते असें मात्र समजूं नये. ऑस्ट्रियांतील एका संशोधनकेंद्रांत पाळलेल्या लांडग्यांपैकीं एकास फिरावयास बाहेर नेलें कीं मागें राहिलेले ओरडत. तो ज्याचा जिवलग सोबती असे, तो अधिक ओरडे, असें 1913 मध्यें नव्हे तर अगदीं अलीकडे, 2013 मध्यें प्रसिद्ध झालें. पांगलेल्यांस बोलावणें आणि परक्यांस दूर ठेवणें, हीं दोन्ही कामें एकाच आवाजानें होतात.

महाराष्ट्राच्या माळरानावरील लांडगा अमेरिकेच्या लांडग्याहून अंगानें लहान आणि लहान टोळ्यांनीं राहणारा आहे. त्याच्या आवाजांचा पद्धतशीर अभ्यास येथें अलीकडेच झाला, आणि प्रत्येक लांडग्याच्या आरोळींत त्याची स्वतःची अशी ओळख असते, ती यंत्रानें बरीचशी वेगळी काढतां येते, असें 2021 मध्यें दिसून आलें. गणतीच्या कामीं याचा उपयोग आहे, कारण कल्लोळ ऐकून डोकीं मोजणें व्यर्थ होय. कोल्ह्यांची पाहणी करणारेहि म्हणूनच ध्वनिमुद्रित कोल्हेकुई सांजवेळानंतर वाजवितात, उत्तर कोणत्या दिशेनें आलें तेवढें टिपतात, आणि एका दिशेच्या एका कल्लोळास एकच कुटुंब धरतात. त्या कुटुंबांत किती जीव आहेत, हें कानावर सोडीत नाहींत.