कारणे दाखवा नोटीस आली, तर खुलासा कसा लिहायचा?

शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंडमध्ये कुरकुंभ, दोन्हीकडच्या एमआयडीसीत आपल्या गटांतल्या कितीतरी जणी कामाला जातात. मागे अशाच एका ताई रडवेल्या होऊन बैठकीला आल्या. हातात कारणे दाखवा नोटीस, आणि उत्तराला फक्त ४८ तास.

त्यांनी रात्री जागून दोन पानं लिहिली होती. सुपरवायझर कसा पक्षपात करतो, दुसऱ्या बायकांना कशी सुट्टी मिळते, आणि शेवटी ‘झाल्या चुकीबद्दल माफी असावी’. आम्ही ते बाजूला ठेवायला सांगितलं. राग खोटा नव्हता, पण विचारलेल्याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. शिवाय अशी सरसकट माफी म्हणजे सगळे आरोप कबूल, असा अर्थ लावता येतो.

नोटिशीत तीन आरोप होते. आम्ही त्याच क्रमाने, तेच आकडे टाकून उत्तर लिहिलं.

पहिला आरोप, १२ ते १४ जून विनापरवानगी गैरहजर. उत्तर: ‘१२ व १३ तारखेला सासूबाई दवाखान्यात दाखल होत्या. १२ तारखेला सकाळी ७ वाजता सुपरवायझर साहेबांना फोनवर मेसेज केला होता. मेसेजची व डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. १४ तारखेला माझी साप्ताहिक सुट्टी होती.’

दुसरा, १८ जूनला लाईन सोडून गेल्या. हे खरंच होतं. म्हणून लिहिलं, ‘बाथरूमसाठी सुमारे दहा मिनिटं गेले होते. शेजारच्या सहकारी महिलेला सांगितलं, पण सुपरवायझर साहेबांना सांगायचं राहिलं, हे मान्य आहे. यापुढे सांगून जाईन.’ खरं ते मान्य केलं, की बाकीच्या नकारालाही वजन येतं.

तिसरा, उद्धट बोलल्या. काय बोलल्या, कधी, कुणासमोर, काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे ‘हा आरोप मला मान्य नाही. तक्रारीची प्रत मिळावी, ती पाहून सविस्तर उत्तर देईन’ एवढंच. उलट आरोप नाही.

शेवटी विनंती: ‘खुलासा मान्य व्हावा. चौकशी करायची ठरल्यास मला माझी बाजू मांडण्याची संधी मिळावी.’ सगळं एका पानात बसलं.

मुदत अपुरी असेल, तर ती संपायच्या आत लेखी वाढवून मागा. गप्प बसलं, तर तुमचं काही म्हणणं नाही असं धरून निर्णय होऊ शकतो. नोटीस घेताना सही करायला हरकत नाही. सहीजवळ ‘मिळाली’ आणि तारीख लिहा, म्हणजे ती फक्त पोच ठरते.

चोरी किंवा पोलिसांत जाईल असा आरोप असेल, तर मात्र आधी वकिलाला दाखवा. न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

ताईंना दुसऱ्या मुद्द्यावर लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. खुलाशाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घेतली होती; ती प्रत त्यांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. ऑफिसने शिक्का दिला नाही, तर खुलासा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.