एकाच कारखान्याचे दोन नफे

समजा, कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीचं आर्थिक वर्ष संपलं. कॉस्टिंगच्या नोंदी सांगतात, नफा 42 लाख रुपये. लेखापालाचं नफा-तोटा पत्रक म्हणतं, 24 लाख. मधले 18 लाख गेले कुठे, असं विचारत मालक दोघांनाही समोर बसवतो. खरं तर पैसे कुठेच गेलेले नसतात. दोन वह्यांनी एकच वर्ष वेगवेगळ्या नियमांनी मोजलेलं असतं. त्या नियमांतला फरक रुपयांत मांडला की मेळपत्रक तयार होतं.

सुरुवात कॉस्टिंगच्या 42 लाखांपासून करू आणि आधी व्याज घेऊ. बँकेला वर्षभरात 18 लाख व्याज गेलं. ते आर्थिक वहीत खर्ची पडलं, पण कॉस्टिंगमध्ये आलं नाही. भट्टी कर्जातून घेतली काय किंवा घरच्या पैशातून, तिच्यातून निघणाऱ्या कास्टिंगचा उत्पादनखर्च त्यामुळे बदलत नाही, असा त्यामागचा विचार. उलट या कारखान्याने दर ठरवताना मालकाच्या स्वतःच्या भांडवलावर 8 लाखांचं कल्पित व्याज धरलं होतं. ते कोणालाच दिलेलं नाही, त्यामुळे आर्थिक वहीला ते ठाऊकच नाही. म्हणून 42 मध्ये 8 मिळवायचे आणि 18 वजा करायचे. उरले 32 लाख. (अंतर्गत हिशेबात कल्पित व्याज कोणी धरलं तर धरो, कायद्याने ठेवायच्या परिव्यय नोंदींत त्याला जागा नाही.)

अप्रत्यक्ष खर्चाची गोष्ट जास्त बोलकी आहे. देखभाल, सुपरवायझरचे पगार, शेडचं भाडं हे खर्च कुठल्या एका कास्टिंगवर टाकता येत नाहीत. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच अंदाज बांधतात. इथे अंदाज होता 120 लाख खर्च आणि 10 लाख किलो माल, म्हणजे किलोमागे 12 रुपये. प्रत्यक्षात माल निघाला 9 लाख किलो, त्यामुळे कॉस्टिंगने 108 लाखच आकारले. खरा खर्च झाला 115 लाख. हे न आकारलेले 7 लाख आर्थिक वहीत आहेतच, म्हणून ते वजा करायचे. उरले 25 लाख.

पण 7 लाखांवर थांबू नये. खर्च अंदाजापेक्षा 5 लाखांनी कमीच झाला होता. उत्पादन 1 लाख किलोंनी घटल्यामुळे मात्र 12 लाखांची आकारणी हुकली. म्हणजे खर्चाला लगाम बसला होता, भट्ट्या रिकाम्या राहिल्या होत्या. मालकाने प्रश्न विचारायचा तो ऑर्डरींबद्दल. ही हुकलेली रक्कम शिल्लक मालाच्या किमतीत ढकलून नफा फुगवताही येत नाही. साठ्याच्या लेखामानकानुसार स्थिर उत्पादनखर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा आणि उरलेला त्याच वर्षी सोसायचा.

राहिला साठा. अखेरचा साठा कॉस्टिंगने उत्पादनखर्चाने 24 लाखांना धरला. आर्थिक वहीला मात्र लागलेला खर्च आणि विकून हाती येणारी निव्वळ रक्कम यांतली कमी ती घ्यावी लागते. काही नमुने जुने झाले होते, म्हणून तिथे 21 लाखच लागले. कॉस्टिंगचा नफा त्यामुळे 3 लाखांनी जास्त दिसतो, ते वजा. सुरुवातीच्या साठ्याची दिशा नेमकी उलटी. तो कॉस्टिंगमध्ये 20 लाख आणि आर्थिक वहीत 18 लाख. सुरुवातीचा साठा हा खर्चाच्या बाजूला बसतो, त्यामुळे आर्थिक नफा इथे 2 लाखांनी जास्त येतो, ते मिळवायचे. 25 मध्ये 2 मिळवून 3 वजा केले की 24 लाख. मेळ बसला.

चिन्हाची चूक होते ती बहुधा इथेच. ती ओळखण्याची एक खूण आहे. सुरुवातीच्या साठ्याचे 2 लाख मिळवण्याऐवजी वजा झाले, तर शेवटी 4 लाखांचा फरक उरतो, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून न जुळणारी रक्कम निम्मी करून ती पत्रकात कुठे दिसते का, ते आधी पाहावं. दुसरी तपासणी मागच्या वर्षाच्या पत्रकावरून. तिथल्या अखेरच्या साठ्याचा फरक आणि यंदाच्या सुरुवातीचा फरक एकच असायला हवा. नसेल तर मधल्या काळात कोणीतरी एखाद्या वहीतला जुना आकडा बदलला आहे.

तिसरी चूक दुबार मोजणीची. काही कारखाने न आकारलेला खर्च वर्षअखेरीस कॉस्टिंगच्याच नफा-तोट्यात टाकतात. तसं झालं असेल तर ते 7 लाख पत्रकात पुन्हा वजा करायचे नाहीत.

कंपनी कायदा 2013च्या कलम 148 खाली 2014 साली आलेल्या नियमांनुसार ठरावीक उद्योगांतल्या, 35 कोटी किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना परिव्यय नोंदी ठेवाव्या लागतात, आणि जिथे परिव्यय लेखापरीक्षण लागू होतं तिथे अहवालात हा मेळही द्यावा लागतो. अशा पत्रकात ‘इतर फरक’ नावाची ओळ दिसली, तर सर्वांत आधी तिचाच तपशील मागावा.