पगार वाढला, पण किती?

पुण्यातल्या एका कारकुनाचं उदाहरण घेऊ. जानेवारी 2021 च्या पगारपत्रकात एकूण पगार 32,000 रुपये, जानेवारी 2025 मध्ये 40,000. वाढ 25 टक्के, ऐकायला झकास!

आता महागाई बाजूला काढू. केंद्राचा श्रम विभाग औद्योगिक कामगारांसाठी दरमहा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो, महागाई भत्ताही त्यावरच ठरतो. 2016 साली 100 धरलेला हा आकडा जानेवारी 2021 मध्ये 118.2 होता, जानेवारी 2025 मध्ये 143.2. नव्या पगाराला 118.2 ने गुणून 143.2 ने भागलं की उरतात सुमारे 33,017 रुपये. म्हणजे चार वर्षांत खरी वाढ जेमतेम 3 टक्के.

तुलना एकाच महिन्याच्या पत्रकांची हवी. बोनस किंवा थकबाकी मिसळली, तर हिशेब फसतो. हातात पडणारी रक्कमही दगा देते, कारण कर आणि भविष्य निर्वाह निधीची कपात बदलत राहते.

शिवाय निर्देशांक सरासरी घराचा. या कारकुनाच्या घरी भाडं, शाळेची फी, किराणा, गॅस यांची तीच यादी तेव्हा 25,000 रुपयांत बसायची, आता 31,500 लागतात. ही दरवाढ 26 टक्के. तिने भागलं, तर पगार 31,746 वर येतो, 2021 पेक्षाही खाली.