पासष्ट टक्क्यांहून जास्त गुण, तरीही नापास

प्रथम वर्षाच्या स्वागत सभेत समन्वयक मॅडमनी फळ्यावर एकच आकडा लिहिला : ३४. "पन्नासपैकी चौतीस. हा विद्यार्थी पास की नापास?" सगळे म्हणाले, पास. मॅडम म्हणाल्या, "नापास!"

मग त्यांनी हिशेब मांडला. "आपल्याकडे दोन क्रेडिटच्या विषयाला ५० गुण असतात : लेखी परीक्षेचे ३५ आणि अंतर्गत १५. दोन्हीकडे वेगवेगळे ४० टक्के हवेत, म्हणजे लेखीत १४ आणि अंतर्गतमध्ये ६. या मुलाला लेखीत ३० मिळाले, पण त्याने चाचणी बुडवली, असाइनमेंटही दिली नाही. अंतर्गत गुण आले ४. विषय राहिला, की त्याची दोन्ही क्रेडिट राहिली."

हजेरीचंही तसंच. "थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, दोन क्रेडिटचे ३०. त्याच्या ७५ टक्के म्हणजे किमान २३ तास. सातच तास चुकवता येतात, आठवा चुकला की अडचण. आजारी पडलात तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लगेच द्या, सत्र संपल्यावर नाही."

"परीक्षा फॉर्म आपोआप भरला जात नाही. विषयांचे कोड स्वतः तपासा. चुकीचा कोड गेला, तर हॉलतिकिटावर तुमचा विषयच दिसणार नाही. राहिलेल्या विषयाचा फॉर्मही वेगळा भरावा लागतो."

प्रत्येक महाविद्यालयाचे आकडे थोडे वेगळे असू शकतात. त्यामुळे प्रवेश झाल्याबरोबर आपल्या अभ्यासक्रमाची नियमावली मागून घ्या आणि अंतर्गत गुणांची यादी लागली की त्याच दिवशी पाहा.