अर्थच्या भोकात टेस्टर पेटला, आता?

इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलं. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. लिहितो : "सर, बोर्डातल्या थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या, म्हणजे अर्थच्या भोकात टेस्टर घातला तर तो मंद पेटतो. मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये ११८, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११२. शेजारच्या सॉकेटमधली कॉम्प्युटरची पिन उपसली की टेस्टर विझतो. कॉम्प्युटरच्या पत्र्यावरून हाताची पाठ हलकेच फिरवली तर पत्रा खरखरीत लागतो, बंद केल्यावर गुळगुळीत. वायरमन म्हणतो, अर्थमध्ये करंट आलाय, कॉम्प्युटर खराब आहे. पण कॉम्प्युटर तर नवा आहे. मग खराब काय आहे?"

पोराने प्रश्नातच निम्मं उत्तर दिलं आहे. ११८ आणि ११२ यांची बेरीज २३०. अर्थची वायर फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये येऊन थांबली आहे आणि हा योगायोग नाही. तिथे जाण्याआधी टेस्टर नेमकं काय सांगतो ते पाहू.

टेस्टरच्या दांड्यात निऑनचा इवलासा दिवा असतो आणि त्याला जोडून साधारण दहा लाख ओहमचा रेझिस्टर. आपण वरच्या टोपीला बोट लावतो तेव्हा करंट टोकातून दिव्यात, दिव्यातून आपल्या अंगात आणि अंगातून जमिनीत जातो. पायात रबरी चप्पल असली तरी दिवा पेटतो, कारण अंग आणि जमीन मिळून एक छोटा कपॅसिटर होतो आणि त्यातून एसी करंट थोडासा पलीकडे जातोच. निऑनला पेटायला साठ-सत्तर व्होल्टच्या पुढचा दाब लागतो, पण करंट मात्र अगदी नगण्य, काही मायक्रोअँपिअर एवढाच. म्हणून टेस्टर दाब आहे एवढंच सांगतो. त्या दाबामागे किती करंट उभा आहे हे त्याला कळतच नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेल्यात भात किती आहे हे शितावरून समजत नाही, तसंच हे.

आता ते ११५ व्होल्ट आले कुठून? कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतं. त्याचा उपद्रव लाइनवर जाऊ नये म्हणून दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. दोन्ही सारखेच. पत्रा अर्थच्या पिनला जोडलेला, म्हणजे ही जोडी जिथे भेटते तो बिंदू म्हणजे अर्थची वायर. ती वायर पुढे कुठेच जोडलेली नसेल तर दोन सारख्या कपॅसिटरांच्या मधोमध २३० ची वाटणी होते आणि ती निम्म्यावर येते. विद्यार्थ्याने मोजलं ते हेच.

असा एक कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा धरला तर ५० हर्ट्झला त्याचा अडथळा साडेचौदा लाख ओहमच्या आसपास येतो. २३० ला त्याने भागलं तर पत्र्यातून जमिनीकडे जाऊ शकणारा करंट निघतो सुमारे ०.१६ मिलिअँपिअर. माणसाला करंट जाणवायला लागतो तो साधारण अर्ध्या मिलिअँपिअरपासून. म्हणून मुठीत धरलेला पत्रा झटका देत नाही, फक्त हलक्या हाताला खरखर लागते. हा कॉम्प्युटरचा दोष नाही, तो तसाच बनवलेला आहे. लीकेज म्हणतात ते हेच : फेजमधून निघालेला करंट न्यूट्रलने परत न जाता वेगळ्या वाटेने थोडासा निसटणं. वॉशिंग मशीन, गिझर, इन्व्हर्टर, सगळ्यांचं थोडंथोडं असतं. वायरींच्या इन्सुलेशनमधूनही असतं.

लीकेज सगळ्याच घरांत असेल, तर टेस्टर सगळ्याच घरांत का पेटत नाही? इथेच वायरमनचं निदान उलटं होतं. अर्थची वायर खरोखर जमिनीत पोचली असेल आणि जमिनीतल्या पाइपचा अडथळा, समजा, ५ ओहम असेल, तर ०.१६ मिलिअँपिअर त्यातून जाताना दाब तयार होतो एका मिलिव्होल्टपेक्षाही कमी. टेस्टरला साठ-सत्तर व्होल्ट हवेत. म्हणजे या सॉकेटमध्ये टेस्टर पेटला याचा अर्थ अर्थमध्ये करंट "आला" असा नाही, तर करंटला जायला वाटच उरली नाही असा आहे. नळ सगळ्यांच्याच मोरीत गळतो. पाणी साचतं ते ज्याच्या मोरीचं भोक तुंबलंय त्याच्याकडे.

मे महिन्यात असा टेस्टर पेटला की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा सल्ला हमखास मिळतो. खड्डा ओला ठेवावा हे खरं, पण तो वाळून त्याचा अडथळा ५०० ओहम झाला तरी या ०.१६ मिलिअँपिअरने एक दशांश व्होल्टही तयार होणार नाही. कॉम्प्युटरच्या एवढ्याशा लीकेजने टेस्टर पेटतो तेव्हा खड्डा वाळलेला नसतो, मध्ये कुठेतरी वायर तुटलेली असते.

मग कॉम्प्युटर निर्दोष, खरखर निरुपद्रवी, म्हणून विषय सोडून द्यायचा का? नाही. याच खोलीत उद्या गिझर लागला असं समजू. गिझरच्या एलिमेंटमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. नळीला बारीक चीर पडली की पूड पाणी पिते आणि इन्सुलेशन ढासळतं. ते २३ हजार ओहमवर आलं तर २३० व्होल्टला लीकेज होतं १० मिलिअँपिअर. या करंटला हाताचे स्नायू आवळले जाऊन पकड सोडवेनाशी होऊ शकते. आणि तुटलेल्या अर्थवर टेस्टर दोन्ही वेळा पेटेल, ०.१६ ला आणि १० लाही. फार तर उजेडात फरक पडेल, त्यावर कुणी जीव टांगू नये.

त्यात घरातल्या सगळ्या सॉकेटांची अर्थ एकमेकांना जोडलेली असते. ती जमिनीकडे तुटली की गिझरचा बिघाड बाथरूमपुरता राहत नाही. तो वायरीवरून फ्रिजच्या दारावर, इस्त्रीच्या पत्र्यावर, कॉम्प्युटरच्या केसवर पोचतो. जी वायर वाचवायला घातली तीच करंट घरभर वाटत फिरते. आरसीसीबी बसवलेला असेल तर काय होतं? तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट सतत ताडून पाहतो आणि फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचायच्या आत लाइन तोडतो. अर्थ शाबूत असेल तर एवढा फरक बिघाड होताच पडतो आणि कुणी हात लावण्यापूर्वी लाइन जाते. अर्थ तुटलेली असेल तर लीकेजला वाटच नाही, म्हणून आरसीसीबी गप्प बसतो. माणूस पत्र्याला हात लावतो तेव्हा त्याच्या अंगातून वाट तयार होते आणि तेव्हा कुठे तो उडतो. शिवाय वरचे १० मिलिअँपिअर त्याच्या मर्यादेखालीच आहेत. त्यांना तो उडणारच नाही.

मी विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळवल्या. पहिली, काय करायचं नाही. बरेच जण फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून अर्थ तपासतात. अर्थ चांगली असेल तर बल्ब पेटतो, किंवा आरसीसीबी असेल तर तो उडतो, कारण १५ वॅटचा बल्बही सुमारे ६५ मिलिअँपिअर घेतो. पण अर्थ तुटलेली असेल तर त्या बल्बमधून फेज थेट घरातल्या सगळ्या पत्र्यांवर जाते. त्या क्षणी कुणी फ्रिज उघडत असेल तर? शंका असलेल्या अर्थवर ही तपासणी करू नये.

दुसरी, काय करायचं. मेन बंद करून, चांगल्या वायरमनला सोबत घेऊन, सॉकेटच्या अर्थपासून मीटर बॉक्सपर्यंत आणि तिथून खड्ड्यातल्या पाइपपर्यंत वायर अखंड आहे का ते टप्प्याटप्प्याने पाहायचं. आणि वायर जोडली गेली तरी प्रत्येक उपकरण सुटं करून त्याची फेज-न्यूट्रल एकत्र धरून पत्र्याशी मेगर लावायचा. चांगल्या इन्सुलेशनचं माप मेगओहममध्ये येतं, काही हजार ओहम दिसले तर ते उपकरण बाजूला. कॉम्प्युटरला मात्र मेगरचे ५०० व्होल्ट देऊ नयेत, त्याचं लीकेज क्लॅम्प मीटरने मोजावं.

खोलीपासून मीटर रूमपर्यंत वायर नीट निघाली. मीटर रूममध्ये काही महिन्यांपूर्वी बॉक्स बदलला होता. नव्या बॉक्समध्ये फेज आणि न्यूट्रल जोडले गेले, हिरवी वायर मात्र रंगवलेल्या लोखंडी पट्टीला गुंडाळून ठेवलेली. दिवे लागले, पंखे फिरले, कुणाची तक्रार नाही. अर्थचं हेच अवघड आहे. फेज किंवा न्यूट्रल तुटली तर त्याच मिनिटाला कळतं, अर्थ तुटली तर वर्षानुवर्षं कळत नाही.

वायरमनने आधी दुसराच उपाय सुचवला होता : सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा टाकायचा. टेस्टर विझला असता आणि सगळे खूश झाले असते. पण पुढे कुठे न्यूट्रल सुटली, तर चालू उपकरणातून आलेली फेज त्या तुकड्यावरून सगळ्या पत्र्यांवर गेली असती. बोर्डाच्या दुरुस्तीत फेज-न्यूट्रल उलटी झाली असती तर थेट २३० व्होल्ट. हा उपाय फक्त टेस्टरवर होता, तो नाकारला हे बरं झालं.

हिरवी वायर घासून, लग बसवून अर्थच्या पट्टीला बोल्टने आवळली. नंतरची मापं त्याने पाठवली : फेज आणि अर्थ २२९ व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थ २ व्होल्ट. टेस्टर विझला, पत्रा गुळगुळीत. खाली एक ओळ होती, "म्हणजे आता लीकेज गेलं ना, सर?"

मी कळवलं, नाही. तेच ०.१६ मिलिअँपिअर आत्ताही वाहतंय, फक्त आता ते जमिनीत जातंय.