दोन पंपांची पाळी

उंचावरच्या वस्तीला पाणी चढवणाऱ्या बूस्टर केंद्रात बहुधा एकसारखे दोन पंप शेजारी शेजारी असतात. मागणी बेताची असताना एकच चालतो, तो ‘लीड’. त्याच्याने भागेनासे झाले की दुसरा, म्हणजे ‘लॅग’, जोडीला येतो. समजा, वाहिनीत साडेतीन किलो दाब राखायचा आहे. सकाळी नळ एकदम सुटून दाब तीन किलोंखाली गेला आणि १५ सेकंद तसाच राहिला, तर पॅनेल लॅग सुरू करते. एवढे थांबले नाही, तर दाबाच्या क्षणभराच्या झटक्यानेही मोटर चालू-बंद होत राहते आणि तापते. दोन पंप लागले म्हणून पाणी मात्र दुप्पट येत नाही, कारण प्रवाहाबरोबर वाहिनीतले घर्षणही वाढते.

लीड कायम एकच ठेवला तर तो झिजतो आणि दुसरा पडून पडून जाम होतो. म्हणून पॅनेल दोघांचे चालू तास मोजते आणि पुढच्या वेळी कमी तासांच्या पंपाला लीड करते. चोवीस तास चालणाऱ्या केंद्रात ही अदलाबदल मागणी कमी असताना करतात. आधी नवा पंप सुरू करायचा, मग जुना थांबवायचा, म्हणजे दाब पडत नाही.

तासांच्या या हिशेबात एक खोच आहे. एक पंप दुरुस्तीसाठी तीन आठवडे बाहेर गेला आणि तेवढा काळ दुसरा अखंड चालला, तर दोघांत सुमारे ५०० तासांचा फरक पडतो. पंप परत बसताच पॅनेल तो फरक भरून काढायला त्यालाच सलग तीन आठवडे लीड ठेवते. नुकताच उघडून जोडलेला पंप असा एकटा राबवणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी दोघांची तुलना शून्यापासून सुरू करावी. देखभालीसाठी एकूण तासांची नोंद वेगळी ठेवावी.

लीड बिघडल्याचे पॅनेलला कसे कळते? हुकूम दिल्यावर काही सेकंदांत कॉन्टॅक्टर ओढल्याची खूण आली नाही, ओव्हरलोड रिले ट्रिप झाला किंवा मोटर फिरूनही प्रवाह दिसला नाही, तर तो पंप बाद होतो, दुसरा सुरू होतो आणि अलार्म वाजतो. बाद झालेला पंप माणसाने तपासून रीसेट करेपर्यंत पाळीत येत नाही. संपातले पाणीच संपले असेल तर मात्र पंप बदलणे घातक, कारण दुसराही कोरडाच फिरेल. तेव्हा दोन्ही थांबवावे लागतात. आणि गर्दीच्या वेळी दोन्ही पंप लागत असतील, तर त्या वेळी केंद्राला राखीव पंप नसतोच.

पॅनेलला सहसा न दिसणारा दोष नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. बंद पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसला नाही, तर चालू पंपाचे पाणी त्यातूनच संपात परत जाते. चालू पंप ठीक असूनही दाब चढत नाही आणि बंद पंपाचा शाफ्ट उलटा फिरत असतो. तो तसा फिरत असताना सुरू केला, तर शाफ्ट किंवा कपलिंग तुटू शकते. म्हणून आधी त्याची डिलिव्हरीची झडप हाताने बंद करतात.